भोपळा, सूर्यफूल आणि कलिंगडाच्या बिया: आठवड्याचा डबा कसा भरायचा आणि रोज किती खायचं

बिया खायला सुरुवात करणाऱ्यांचं बहुतेक एकाच ठिकाणी चुकतं. पाकीट आणलं जातं, फोडून टेबलावर ठेवलं जातं आणि येता-जाता मूठमूठ तोंडात जाते. आठ दिवसांत पाकीट संपतं. किती खाल्लं याचा अंदाज नसतो, वजन थोडं वाढलेलं असतं, आणि झिंकसाठी म्हणून सुरू केलं त्या झिंकचा हिशोबही कुणी केलेला नसतो. म्हणून इथे सुरुवात मापापासून केली आहे. भाजणं आणि साठवणं त्यानंतर येतं.

लागणारं सामान

सात दिवसांसाठी, एका माणसापुरतं:

- भोपळ्याच्या सोललेल्या हिरव्या बिया, सुमारे ११० ग्रॅम
- कलिंगडाचा मगज, म्हणजे सोललेल्या पांढऱ्या बिया, सुमारे ५० ग्रॅम
- सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, सुमारे ६० ग्रॅम
- १५ मिलिलिटरचा मापाचा मोठा चमचा. केकच्या सामानात मिळतो. जेवणाचा चमचा चालणार नाही, कारण घरोघरी तो वेगळ्या आकाराचा असतो.
- जाड बुडाची कढई, मोठं स्टीलचं ताट, घट्ट झाकणाची काचेची बरणी
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. नसेल तर चमच्यावर भागतं.

१. दुकानातून बरोबर बी आणा

भोपळ्याचं बी म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे चपटं, हिरवट, टरफल काढलेलं बी. पाकिटावर पंपकिन सीड्स लिहिलेलं असतं ते हेच. दुसरं म्हणजे आपण लाल भोपळा चिरला की निघणारं पांढऱ्या टरफलाचं बी. या लेखातले सगळे आकडे सोललेल्या बियांचे आहेत. टरफलासकट तेवढंच वजन घेतलं तर त्यात टरफलाचा भाग बराच असतो आणि हिशोब बदलतो. सूर्यफुलात तर टरफल जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं.

कलिंगडाचं, विदर्भ-मराठवाड्यात म्हणतात त्या टरबुजाचं, सोललेलं बी किराणा दुकानात ‘मगज’ नावाने मिळतं. थंडाई आणि लाडवात पडतो तोच. मात्र मगज हे एका बियाचं नाव नाही. खरबूज, काकडी, भोपळा आणि कलिंगड या चारही बियांचा गर ‘चार मगज’ म्हणून एकत्र विकला जातो, आणि नुसतं ‘मगज द्या’ म्हटलं तर काही ठिकाणी खरबुजाचं बी हातात पडतं. कलिंगडाचा गर रुंद आणि थेंबाच्या आकाराचा असतो. खरबुजाचा अरुंद आणि लांबट. खरबुजाच्या बिया खायला काहीच हरकत नाही, पण खालचे आकडे कलिंगडाचे आहेत, म्हणून ‘कलिंगडाचा मगज’ असं स्पष्ट सांगून घ्या.

विकत घेताना एक बी दाताखाली चावून पाहा. ताजं बी गोडसर लागतं. मागाहून घशात कडवट, जुन्या तेलासारखी चव आली तर ते खवट झालेलं आहे, कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. या बियांत निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि टरफल काढलं की त्या तेलाला हवा लागायला सुरुवात होते. म्हणूनच मोठ्या पोत्यातून सुटं घेण्यापेक्षा पॅकिंगची तारीख असलेलं छोटं पाकीट बरं.

या बाबतीत धोका पत्करू नका: कृषी सेवा केंद्रात पेरणीसाठी मिळणारं सूर्यफुलाचं किंवा कलिंगडाचं बियाणं कधीही खाऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ओळख पटावी म्हणून ते बहुतेक वेळा गुलाबी, लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाचं केलेलं असतं. धुतलं म्हणून ते खाण्यालायक होत नाही. पेरून उरलेलं बियाणं घरात असेल तर ते स्वयंपाकघराच्या वस्तूंपासून दूर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

२. कुठल्या बीतून काय मिळतं ते आधी समजून घ्या

सोललेल्या, वाळलेल्या बियांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण इतकं असतं:

- भोपळा: मॅग्नेशियम ५९० मिलिग्रॅम, झिंक ७.८ मिलिग्रॅम, ५६० कॅलरी
- कलिंगड: मॅग्नेशियम ५१५ मिलिग्रॅम, झिंक १०.२ मिलिग्रॅम, ५५७ कॅलरी
- सूर्यफूल: मॅग्नेशियम ३२५ मिलिग्रॅम, झिंक ५ मिलिग्रॅम, ५८४ कॅलरी

जमीन आणि वाण बदलला की हे आकडे खालीवर होतात, पण क्रम बहुधा असाच राहतो. मॅग्नेशियमसाठी भोपळा पुढे आणि झिंकसाठी कलिंगड पुढे. सूर्यफूल दोन्हीत मागे आहे, पण ई जीवनसत्त्वात ते या दोघांच्या खूप पुढे आहे, त्यामुळे थोडं तरी ठेवावं.

आता गरज किती ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत झिंकसाठी प्रौढ पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम धरलं आहे. मॅग्नेशियमसाठी पुरुषाला ४०० आणि स्त्रीला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास धरून चाला. अमेरिकेत झिंकची शिफारस पुरुषाला ११ आणि स्त्रीला ८ मिलिग्रॅम आहे. आपली जास्त असण्याचं मोठं कारण आपल्या ताटात आहे. धान्यं आणि डाळी यांत फायटिक आम्ल असतं. ते पोटात झिंकला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. म्हणून तेवढंच झिंक अंगी लागायला जास्त खावं लागतं. बियांतही हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा पाकिटावर लिहिलेलं सगळं झिंक शरीराला मिळालं असं समजू नका.

३. रोजचं माप ठरवा: दोन-एक-एक

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

सगळ्या बियांचा मिळून रोजचा वाटा साधारण ३० ग्रॅम. १५ मिलिलिटरचा सपाट चमचा भरला की भोपळ्याच्या बिया साधारण ८ ग्रॅम भरतात, सूर्यफुलाच्या ९ आणि कलिंगडाच्या जेमतेम ७, कारण कलिंगडाचा गर पातळ असतो आणि चमच्यात पोकळ जागा राहते. त्यावरून माप असं बसतं: भोपळा दोन चमचे, कलिंगड एक, सूर्यफूल एक. मिळून चार सपाट चमचे, सुमारे ३२ ग्रॅम.

त्यातून काय मिळालं ते मोजून पाहू. भोपळ्याच्या १६ ग्रॅममधून मॅग्नेशियम ९५ मिलिग्रॅम आणि झिंक १.२५. कलिंगडाच्या ७ ग्रॅममधून ३६ आणि ०.७. सूर्यफुलाच्या ९ ग्रॅममधून २९ आणि ०.४५. बेरीज: मॅग्नेशियम १६० मिलिग्रॅम, झिंक २.४ मिलिग्रॅम, कॅलरी सुमारे १८०.

हे आकडे गरजेशेजारी ठेवले की चित्र स्वच्छ दिसतं. स्त्रीची मॅग्नेशियमची जवळजवळ निम्मी गरज या चार चमच्यांत निघते, पुरुषाची ४० टक्के. झिंकचं तसं नाही. स्त्रीच्या गरजेचा पाचवा हिस्साही पुरता भरत नाही आणि पुरुषाचा जेमतेम सातवा भरतो. म्हणजे मॅग्नेशियमसाठी बिया हा भक्कम आधार आहे आणि झिंकसाठी नुसता हातभार. ‘झिंक कमी आहे, म्हणून पंपकिन सीड्स खा’ हा सल्ला ऐकून बाकी ताटाकडे दुर्लक्ष केलं तर काही हाती लागणार नाही.

मग बिया वाढवल्या तर? फक्त भोपळ्याच्या बियांतून १३ मिलिग्रॅम झिंक घ्यायचं ठरवलं तर रोज साधारण १६५ ग्रॅम बिया खाव्या लागतील. त्यात ९०० हून अधिक कॅलरी आहेत. हा कुणाचाही मधल्या वेळचा खाऊ होऊ शकत नाही, आणि एवढं तेल पोटात गेलं की जुलाब किंवा गच्चपणा ठरलेला. बाकीचं झिंक जेवणातूनच आलं पाहिजे: मोड आलेली मटकी-मूग, डाळी, ज्वारी-बाजरी, दही, आणि खात असाल तर अंडी, मासे, मटण. मोड आणताना आणि पीठ आंबवताना फायटिक आम्ल कमी होतं, म्हणून मटकीची उसळ किंवा आंबोळी झिंकच्या दृष्टीने साध्या डाळीपेक्षा उजवी ठरते.

बिया महाग वाटत असतील तर तिळाकडे बघा. न सोललेल्या तिळाच्या १०० ग्रॅममध्ये झिंक ७.७ मिलिग्रॅम असतं, भोपळ्याच्या बियांइतकंच, आणि मॅग्नेशियम ३५० असतं. डब्यातलं सूर्यफूल संपलं तर त्या जागी एक चमचा भाजलेले तीळ बेलाशक घाला.

१८० कॅलरी म्हणजे मध्यम आकाराचे दोन फुलके, थोड्या जास्तच. त्यामुळे बिया जेवणाच्या वर वाढवू नका, कशाच्या तरी जागी खा. संध्याकाळचा फरसाण, बिस्किटं किंवा चिवडा काढून तिथे हे चार चमचे बसवले तर हिशोब जुळतो. चहाबरोबर बिस्किटंही आणि बियाही, असं झालं की वजन वाढतं आणि दोष बियांना दिला जातो.

४. भाजा, पण तिन्ही वेगवेगळ्या

झिंक आणि मॅग्नेशियम ही खनिजं आहेत, आचेवर ती जळून जात नाहीत. भाजल्याने ई जीवनसत्त्व थोडं कमी होतं, आणि जास्त भाजलं तर तेल लवकर खवट होतं. तेव्हा भाजायचं ते चवीसाठी, कुरकुरीतपणासाठी आणि ओलावा घालवण्यासाठी, तेही मंद आचेवर.

तिन्ही बिया एकत्र कढईत टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. भोपळा फुलायच्या आत सूर्यफूल करपतं, आणि करपलेल्या दोन-चार बिया सगळ्या डब्याला कडू चव देतात.

भोपळा: कढई मध्यम आचेवर तापवा, मग आच मंद करा. बिया एकाच थरात पसरतील एवढ्याच घाला. दोनेक मिनिटांनी पहिली ‘टच’ ऐकू येते. त्यानंतर बिया फुगून गोलसर होतात आणि उडू लागतात. सतत हलवा. कडा सोनेरी झाल्या आणि टचटच आवाज विरळ झाला की काढा, साधारण पाच ते सहा मिनिटांत. मधला भाग हिरवाच राहिला पाहिजे. तपकिरी झाला तर जास्त भाजलं गेलं.

सूर्यफूल: मंद आचेवर तीन ते चार मिनिटं. इथे नजर हटवू नका. रंग बराच वेळ तसाच राहतो आणि मग अर्ध्या मिनिटात पिवळट पांढऱ्याचा तपकिरी होतो. खमंग वास सुटला की लगेच काढा.

कलिंगड: गर पातळ असल्याने दोन ते तीन मिनिटं पुरतात. हलका बदामी ठिपका दिसला की झालं.

प्रत्येक वेळी बिया कढईतून लगेच ताटात काढा. गॅस बंद करून कढईतच ठेवल्या तर तापलेल्या बुडावर त्या भाजतच राहतात.

मीठ हवं असेल तर कोरडं मीठ घालू नका, ते बीला चिकटत नाही आणि बरणीच्या तळाशी जमतं. पाव छोटा चमचा मीठ एक मोठा चमचा पाण्यात विरघळवा. भोपळ्याच्या बिया उतरवायला दोन मिनिटं उरली असताना त्यांच्यावर शिंपडा आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवत राहा. बीवर मिठाचा पांढुरका थर बसतो. हे मीठ आठवडाभराचं आहे, रोजच्या वाट्याला पाव ग्रॅमसुद्धा येत नाही. बाजारच्या खारवलेल्या पाकिटात मात्र मागची बाजू वाचा. सोडियमचा आकडा १०० ग्रॅमचा आहे की ‘एका सर्व्हिंग’चा, आणि ते सर्व्हिंग १० ग्रॅमचं की ३० ग्रॅमचं, हे पाहिल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करता येत नाही.

५. भिजवायच्या की नाही?

सहा ते आठ तास भिजवून पाणी टाकून दिलं की फायटिक आम्ल थोडं कमी होतं, पण मोड आणण्याने होतं तेवढं नाही, आणि पाण्याबरोबर थोडं मॅग्नेशियमही जातं. रोज चार चमचे खाणाऱ्याने एवढा खटाटोप करू नये असं आमचं मत आहे. बिया खाल्ल्यावर पोट जड होत असेल तर मात्र भिजवून बघा, काहींना त्या हलक्या जातात.

भिजवल्या तर वाळवण्यात कुचराई करू नका. सोललेलं ओलं बी दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरतं, आणि कोकणात पावसाळ्यात तर त्याआधीच. सुती कापडावर पसरून पंख्याखाली सुकवा, मग अगदी मंद कढईत कोरडं करा. बी बोटांनी वाकवल्यावर ‘कट्’ आवाज करून तुटलं पाहिजे. नुसतं वाकलं तर आत ओल आहे.

६. बरणीत भरा

पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट बिया भरल्या तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि तळातल्या बिया मऊ पडतात. भाजलेल्या बिया एका वेळी एक ते दोन आठवड्यांच्याच करा. उरलेल्या कच्च्या बिया हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात, मे महिन्यात, ओट्यावरच्या बरणीतलं बी कधी कधी महिन्याभरातच खवटायला लागतं.

बरणीतून थेट हाताने खाऊ नका. सकाळी चार चमचे छोट्या डबीत काढा आणि दिवसभर तीच डबी वापरा. ती संपली की त्या दिवसाचं संपलं. मापाची शिस्त पाळायला याहून सोपा उपाय नाही.

खाताना चावून बारीक करा. कलिंगडाचं गुळगुळीत बी घाईत गिळलं जातं आणि बरेचदा जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यातलं झिंक अर्थातच बीच्या आतच राहतं.

७. घरच्या भोपळ्याच्या आणि कलिंगडाच्या बिया

भाजीसाठी लाल भोपळा चिरला की बिया धाग्यांसकट वाटीत काढा आणि पाण्यात चोळा. धागे सुटतात, भरलेल्या बियाही वर तरंगतात, त्यामुळे तरंगतं म्हणून फेकून देऊ नका. बोटांनी दाबून पाहा, पोकळ लागलेलं तेवढं काढा. कडक उन्हात दोन ते तीन दिवस वाळवा. टरफलाचं टोक नखाने किंवा नखं कापायच्या यंत्राने चिमटलं की गर निघतो. वेळखाऊ काम आहे, टीव्हीसमोर बसून होतं.

भोपळा चाखल्यावर कडू लागला तर भाजी टाकून द्या आणि बियाही. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी घटकाचा असतो. शिजवून तो जात नाही आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात.

कलिंगडातल्या मऊ पांढऱ्या बिया म्हणजे न भरलेली टरफलं, त्यांत गर नसतो. काळ्या-तपकिरी, टणक बियाच वाळवा. त्या सोलणं भोपळ्याहून किचकट आहे, त्यामुळे त्यासाठी मगज विकत घेणंच परवडतं.

आणि टरफलं चघळून गिळू नका, विशेषतः सूर्यफुलाची. मुलांनी खारवलेल्या बिया टरफलासकट भरपूर खाल्ल्या की ती न पचलेली टरफलं गुदाशयात गोळा होऊन अडकतात आणि डॉक्टरांकडे जावं लागतं.

८. कुणी थांबून विचारावं

मूत्रपिंडाचा आजार असेल तर या बिया स्वतःहून सुरू करू नका. त्यांत फॉस्फरस आणि पोटॅशियमही भरपूर असतं, आणि काम कमी झालेली मूत्रपिंडं जादा मॅग्नेशियम बाहेर टाकू शकत नाहीत. आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी घेऊन, डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर गेल्यावरच बिया खा. झिंकच्या गोळ्या घेत असाल तर बियांमुळे मर्यादा ओलांडायची भीती नाही, पण गोळीचा डोस मनाने वाढवू नका. प्रौढासाठी अन्न आणि गोळ्या मिळून झिंकची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं बी देऊ नका, ठसका लागून श्वासनलिकेत अडकू शकतं. त्यांच्यासाठी आणि दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी बियांची पूड करा. भाजून पूर्ण गार झालेल्या बिया मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-दोन सेकंद फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो. पूड बीपेक्षा फार लवकर खवटते, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतीच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि भाकरीवर, दह्यात किंवा गरम वरणभातावर एक चमचा घालून द्या. तिखट-मीठ आणि लसूण घालून हीच पूड कुटली तर शेंगदाण्याच्या चटणीच्या जागी चालते.